जावयाच्या दुसऱ्या लग्नाचा कुर्ता

आमच्या जावयांचे आई-वडील ते कॉलेजात असतानाच गेले. मागे एक थोरले भाऊ. ते लासलगावला एका कांद्याच्या व्यापाऱ्याकडे हिशेब बघतात. त्यामुळे लग्न ठरलं तेव्हाच आमच्या मुलीने मला सांगून ठेवलं होतं, की त्यांच्या सणावाराच्या कपड्यांचं कौतुक करणारं घरात कोणी नाही, तेव्हा ते तुलाच करावं लागेल. मला मुलगा नाही. घरात पुरुषाचे कपडे म्हणजे ह्यांचे. हे ओझरच्या विमानाच्या कारखान्यात नोकरीला होते, आणि जन्मभर कारखान्याचा निळा ड्रेस आणि इतर वेळी दोन-चार शर्ट, यापलीकडे त्यांना काही लागलं नाही. कुर्ता-पायजमा विकत घेण्याची माझ्यावर कधी वेळच आली नव्हती.

पहिल्या दिवाळसणाला मी एकटीच मेन रोडवर गेले आणि दुकानातला सगळ्यांत चमकणारा कुर्ता घेऊन आले. मरून रंग, गळ्यापाशी जरीचं भरतकाम, हातात घेतला की झुळझुळ सरकणारा. दुकानदार म्हणाला, सिल्क आहे. मी पुढे काही विचारलं नाही. जावयांचा शर्ट चाळीस नंबरचा, म्हणून कुर्ताही चाळीसचाच घेतला. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी ते तो घालून पाटावर बसले. कापड सगळं कृत्रिम, घाम जराही न शोषणारं. आरतीपर्यंत त्यांच्या पाठीला कुर्ता चिकटला होता. भरतकामाला आतून अस्तर नव्हतं, त्यामुळे गळा लालबुंद झाला होता. देवीला हार घालायला त्यांनी हात वर केले आणि उजव्या बगलेत शिवण उसवली. त्यांनी हात खाली घेतला, आणि मग सगळी आरती तो हात अंगाशी धरून म्हटली. मला काही बोलले नाहीत. जेवताना उलट म्हणाले, "आई, रंग फार छान निवडलात."

मुलीने मात्र स्वयंपाकघरात मला सगळं सांगितलं आणि हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "अगं, तू कापडाला बाहेरून हात लावतेस. आतून लाव. अंगाला ते लागतं." 

त्यानंतर मी शिकले. दर दिवाळीला आम्ही दोघी मिळून जायचो. ती कापड बघायची, मी शिवण. शर्टाच्या नंबरावर जायचं नाही, खांद्यावर जायचं, हे तिनेच दाखवलं. खांद्याची शिवण हाडाच्या टोकावर बसली की बाकीचं शिंपी सांभाळून घेतो. बाजू आत घेता येतात, लांबी कमी करता येते, पण खांदा चुकला तर कुर्ता उसना आणल्यासारखा दिसतो. सुती असेल तर पहिल्या धुण्यात आखडतो, म्हणून बोटभर लांब घ्यायचा. दिवाळीला पहाटे थंडी असते आणि दुपारी ऊन, तेव्हा जाडसर सुती बरा. कोणाच्या लग्नाला जायचं असेल तर रेशीम मिसळलेलं सुती, म्हणजे थोडी चमक येते आणि जीवही घाबरत नाही. चुडीदार तिला आवडायचा नाही. जावयांचे पाय बारीक, चुडीदारात ते काड्यांसारखे दिसतात म्हणायची. सरळ पायजमा घ्यायचा, घोट्यावर एकच घडी पडेल इतका. जावई या सगळ्यात नुसते उभे असायचे. ती सांगेल तो कुर्ता घालायचे, सांगेल तसं वळायचे. एकदा मी त्यांना विचारलं की तुम्हाला स्वतःला कोणता आवडतो, तर ते माझ्याकडे न बघता तिच्याकडे बघायला लागले. 

मग ती आजारी पडली. त्या दुखण्याबद्दल मी फार लिहू शकत नाही. रक्ताचं दुखणं होतं. दवाखान्यात आमच्या तिघांच्या पाळ्या लागलेल्या असायच्या. केस गेले, वजन गेलं, आणि दुखण्याच्या तिसऱ्या वर्षी गुढीपाडव्यानंतर थोड्याच दिवसांनी ती गेली. मूलबाळ नव्हतं. 

त्यानंतर आमचं आणि जावयांचं नातं काय उरलं, हे मला कळत नव्हतं. लोकही अवघडायचे. शेजारच्या बाई त्यांच्याबद्दल विचारताना 'तुमचे ते' म्हणायच्या आणि थांबायच्या. पण ते येत राहिले. इंदिरानगरला त्यांचा फ्लॅट, अंबडला नोकरी. रविवारी सकाळी मोटरसायकलवरून ओझरला यायचे, ह्यांच्याबरोबर चहा घ्यायचे, एखादा बल्ब बदलायचा असेल तर बदलायचे, दुपारी जेवून जायचे. ती गेली त्या वर्षी आम्ही दिवाळी केली नाही. पुढच्या वर्षी फराळाचं थोडं केलं आणि मी एकटीच जाऊन त्यांच्यासाठी एक पांढरा सुती कुर्ता आणला. त्यांनी तो लगेच आतल्या खोलीत जाऊन घातला आणि बाहेर येऊन उभे राहिले, नेहमीसारखे, कोणीतरी वळायला सांगेल म्हणून. मी म्हटलं, "बसा, चहा टाकते." 

असं काही वर्षं चाललं. दिवाळीला कुर्ता घ्यायचा, हे मी सोडलं नाही. ह्यांनी कधी विचारलं नाही की कशाला. 

या वर्षी होळी झाल्यावरच्या एका रविवारी जावई आले ते हातात कापडी पिशवी घेऊन. चहा झाला. मग ह्यांच्याकडे बघून म्हणाले की भाऊ खूप दिवस मागे लागले होते, आणि आता एक स्थळ ठरल्यासारखं आहे. मुलगी सिन्नरची. तिचंही आधी लग्न झालेलं, ते टिकलं नाही. शाळेत शिकवते. वैशाखात, घरच्या घरीच म्हणावं असं, एका लहान हॉलमध्ये लग्न करायचं आहे. "पण तुम्ही नको म्हणालात तर मी नाही करणार," ते म्हणाले. 

हे उठले आणि बाहेर अंगणात गेले. तिथे नळाला पाइप लावून झाडांना पाणी घालायला लागले. ऊन चढलेलं होतं, ती पाणी घालायची वेळ नव्हती. 

मी जावयांना म्हटलं की नको कशाला म्हणू, तुमचं वय काय, पुढचं आयुष्य केवढं पडलं आहे. हे मी मनापासून म्हटलं. कितीतरी वेळा मी स्वतःशीच या वाक्यांची तयारी केलेली होती, कारण हा दिवस येणार हे मला माहीत होतं. बोलून झाल्यावर मात्र मी रिकामी कपबशी उचलली आणि परत तिथेच ठेवली. 

मग त्यांनी पिशवीतून कुर्ता काढला. त्यांच्या रिसेप्शनचा. फिकट सोनेरी रेशमी, आमच्या मुलीने स्वतः निवडलेला, येवल्याहून स्वतःची पैठणी आणली तेव्हा तिच्या काठाशी जुळवून घेतलेला. म्हणाले, "नवीन काही घ्यायचं नाही असं ठरवलंय. हाच घालेन. तिने घेतलेला आहे." 

त्यांना वाटलं असणार की हे ऐकून मला बरं वाटेल. आणि वाटलं, मी खोटं सांगत नाही. क्षणभर मला फार बरं वाटलं. म्हणजे ती तिथे असेल, मांडवात, त्यांच्या अंगावर. मी तो कुर्ता मांडीवर घेतला. घडीच्या रेघेवर रेशीम विरायला लागलं होतं. रेशमी कपडा वर्षानुवर्षं एकाच घडीत ठेवला की तिथेच विरतो. अधूनमधून काढून घडी बदलायची असते. ते त्यांना कोण सांगणार होतं? 

"घालून दाखवा," मी म्हटलं. 

ते आत जाऊन घालून आले. ती आजारी पडल्यापासून ते किती वाळले होते, हे मला रोजच्या शर्टांतून इतकं कळलं नव्हतं. खांद्याची शिवण दंडावर उतरली होती. बाह्या बोटांपर्यंत आल्या होत्या. गळ्याचं बटण लावलं तरी मानेभोवती जागा उरत होती. शिंप्याकडे देऊन बाजू आत घेता आल्या असत्या, पण खांद्याला काही करता येत नाही. तो खोलायचा म्हणजे सगळा कुर्ता खोलायचा, आणि विरलेलं रेशीम ते सोसणार नव्हतं. 

तेवढ्यात मला त्या सिन्नरच्या मुलीची आठवण झाली. मी तिला पाहिलं नव्हतं. पण तीही एकदा मांडवातून जाऊन परत आलेली होती. आता पुन्हा धीर करून उभी राहणार, आणि समोरचा माणूस पहिलीने निवडलेला, अंगाला न बसणारा कुर्ता घालून येणार. तिला कोणी सांगणार नाही, पण तिला कळेल. बाईला कळतं. 

मी म्हटलं, "हा घालायचा नाही. त्या मुलीला नव्या कपड्यात सामोरे जा. तिचा तेवढा मान आहे." 

ते बराच वेळ कुर्त्याची बाही मुठीत धरून उभे राहिले. मग म्हणाले, "मग तुम्ही चला बरोबर. मला कपड्यातलं कळत नाही. ते सगळं तीच बघायची." 

मी हो म्हटलं. 

पुढच्या शनिवारी मी बसने नाशिकला गेले. ते मेन रोडच्या तोंडाशी थांबले होते. लग्नसराईचे दिवस, दुकानं भरलेली. बाहेरच पुतळ्यांना शेरवान्या, जाकिटं घातलेली. मी आणि मुलगी ज्या दुकानात जायचो तिथे मला जायचं नव्हतं आणि त्यांनाही नव्हतं. आम्ही दोघंही त्याच्यावरून पुढे गेलो आणि दुसऱ्या एका, वर चढून जायच्या दुकानात शिरलो. गादीवर पांढरी चादर, समोर विक्रेता बसलेला. चाळिशीचा, बोलका माणूस. लग्नाचा आहे म्हटल्यावर त्याने भराभर पाकिटं उघडायला सुरुवात केली. 

पहिल्यांदा त्याने जाड, विणीतच बुट्टे असलेले सोनेरी आणि मोतिया रंगाचे कुर्ते टाकले. दिसायला राजेशाही. मी आत हात घातला. बुट्ट्यांच्या मागे धागे सुटे लोंबत होते आणि कापड पालथ्या बाजूने खरखरीत होतं. लग्न वैशाखात, दुपारचं, हॉल लहान आणि मांडवात होमाचा धूर. या कापडात माणूस उकडून निघेल. मी ते बाजूला केले. मग त्याने चंदेरी काढली. ती सुरेख होती, हलकी, पण इतकी विरळ की आतला हात दिसत होता. तिला अस्तर लागतं, आणि अस्तर बहुतेक वेळा सिंथेटिकच लावलेलं असतं. मी अस्तर बघितलं, तसंच होतं. लिननचा एक होता, थंड आणि सुंदर, पण लिनन बसल्या बसल्या चुरगळतं. दोन तास पाटावर बसून उठल्यावर फोटोत नवरदेव झोपेतून उठून आल्यासारखा दिसला असता. 

जावई माझ्या शेजारी मांडी घालून बसले होते. प्रत्येक कुर्ता समोर आला की ते माझ्याकडे बघायचे. 

विक्रेता कंटाळला नाही. त्याला बहुधा मी चोखंदळ वाटले आणि त्याची त्याला मजा येत होती. त्याने विचारलं, "काकू, नवरदेव तुमचे चिरंजीव का?" 

मी काही बोलायच्या आत जावई म्हणाले, "सासूबाई आहेत माझ्या." 

"अरे वा," तो म्हणाला. त्याचा चेहरा खुलला. सासू जावयासाठी इतकं बघते असं हल्ली दिसत नाही, वगैरे काहीतरी तो बोलला, आणि मग मागच्या फळीकडे वळता वळता त्याने विचारलं, "मग सोपं झालं की. तुमच्या मुलीची साडी कुठल्या रंगाची आहे? त्याच्यावर जाणाराच काढतो." 

लग्नाचे कपडे विकणारा कोणीही हेच विचारेल. त्यात त्याचं काही चुकलं नाही. पण माझ्या डोळ्यांपुढे मुलीचा शालू आला, आणि पुढे काहीच दिसेना. जावयांनी खाली मान घातली होती. मला वाटलं, आता ते उठतील आणि जिना उतरून निघून जातील, आणि लग्नही होणार नाही. 

मी म्हटलं, "फोटो असेल ना तुमच्याकडे साडीचा? दाखवा त्यांना." 

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग मोबाइल काढला, शोधला, आणि विक्रेत्याला न देता माझ्या हातात दिला. 

साडी पलंगावर पसरून फोटो काढला होता. आमसुली रंग, काठ जुन्या सोन्यासारखे, फार झगमग नसलेले. शेजारी पलंगावर एक चष्मा पडलेला दिसत होता. तिचाच असणार. साडी चांगली होती. शांत होती. ज्या बाईने ती निवडली तिला कोणावर छाप पाडायची नव्हती. मला तिचा राग यायला हवा होता की काय कोण जाणे, पण तो चष्मा बघितल्यावर आला नाही. 

विक्रेत्याने वाकून फोटो बघितला आणि लगेच आमसुलीच कुर्ता काढला, जोडी जुळेल म्हणून. मी नको म्हटलं. गडद रंगाला गडद लावला की फोटोत दोघं एकात एक मिसळून जातात, आणि दोन कापडांवर तोच रंग कधी एकसारखा बसत नाही. एक तांबूस दिसतो, एक काळपट. मी त्याला सायीच्या रंगाचा काढायला सांगितला. शुभ्र नको, पिवळाही नको. साडीच्या काठाची एखादी रेघ गळ्याला असली तर चालेल. रेशीम आणि सूत मिसळलेला, आतून मऊ. 

बरेच कुर्ते उघडून झाल्यावर तो मिळाला. मी पालथा हात आतून फिरवला. कुठे टोचत नव्हतं. उभी पट्टी, तिच्यावर बारीक सोनेरी किनार, बटणं कापडाचीच मढवलेली. बेचाळीसचा घातला तर छातीत बरा होता पण खांदा उतरत होता. चाळीसचा घालून ते ट्रायल रूममधून बाहेर आले आणि आरशापुढे उभे राहिले. 

खांदा हाडावर बसला होता. लांबी गुडघ्याच्या किंचित खाली. बाही मनगटाच्या हाडापर्यंत. तरी मला बगलेची खात्री करायची होती. त्या पहिल्या दिवाळीपासून मी बगल बघितल्याशिवाय एकही कुर्ता घेतलेला नाही. 

मी म्हटलं, "हात वर कर. हार घालताना करतात तसे." 

मी त्यांना कधी अरे-तुरे केलं नव्हतं. इतक्या वर्षांत नाही. ते तोंडातून गेलं आणि मला कळलं, त्यांनाही कळलं. त्यांनी हात वर केले, समोर कोणीतरी उभं असल्यासारखे, तिच्या गळ्याइतक्या उंचीवर. मी मागून खांद्याखाली बोटं घालून बघितलं. कापड ओढत नव्हतं. कुर्त्याचा घेर थोडासाच वर उचलला जात होता, तेवढा चालतो. आरशात मला त्यांचा चेहरा दिसत होता. ते रडत होते. आवाज नव्हता, हात तसेच वर होते, कारण मी खाली घे म्हटलं नव्हतं. 

"झालं," मी म्हटलं. "घे खाली." 

विक्रेता शहाणा माणूस होता. त्याला काय कळलं ते माहीत नाही, पण तो पसरलेल्या कुर्त्यांच्या घड्या घालायला लागला. 

मग मी त्यांना तिथेच गादीवर मांडी घालून बसायला लावलं. होमाला बसताना बाजूचे कट पुरेसे वर नसतील तर कुर्ता मांडीवर ताणला जातो, आणि पायजम्याची बैठक कमी असेल तर उठताना पंचाईत होते. कट बरोबर होते. पायजमा लांब होता, तो आम्ही घोट्यावर एक घडी पडेल इतका कमी करायला टाकला. नाडीचाच घेतला, नुसत्या इलॅस्टिकचा दोन तास बसल्यावर कमरेला रुततो. विक्रेत्याने भीत भीत जाकीट दाखवलं. फोटोला छान दिसतं, पण वैशाखात दुपारी कशाला, म्हणून मी नको म्हटलं. त्याने आग्रह केला नाही. 

खाली उतरल्यावर आम्ही उसाचा रस प्यायलो. जावई म्हणाले, "आई, तुम्ही लग्नाला याल ना?" मी येईन म्हटलं. बसमध्ये बसवून देताना त्यांनी खिडकीवर हात ठेवला होता. गाडी हलली तरी काही पावलं ते तसेच चालत आले. 

घरी ह्यांना मी कुर्त्याचं काही सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही. लग्नाचा विषय निघाला की ते उठून जायचे. एकदा फक्त म्हणाले होते, की तुला जायचं तर जा, मला त्यात ओढू नकोस. मी मोतिया रंगाची साडी काढून ठेवली, त्या मुलीसाठी एक खण आणि ओटीचं सामान बांधलं. आमच्याकडून तिला कोणत्या नात्याने ओटी भरायची, हे मी कोणाला विचारलं नाही. मला जे वाटलं ते बांधलं. 

लग्नाच्या सकाळी मी आंघोळ केली, साडी नेसले, केस विंचरले, आणि चपला घालायला खुर्चीवर बसले. मग मला उठताच येईना. दुखत काही नव्हतं. रिक्षावाला बाहेर हॉर्न देत होता. मी मनात म्हणत होते, ऊठ, तो मांडवात वाट बघेल, आणि तशीच बसून होते. 

हे आतून आले. त्यांनी मला बघितलं, बाहेर जाऊन रिक्षावाल्याला थांबायला सांगितलं. मग आत गेले आणि शर्ट बदलून आले. माझ्या मांडीवरची ओटीची पिशवी उचलली. 

"तू बस," ते म्हणाले. "मी जाऊन येतो." 

ते गेले. दिवसभर मी त्याच साडीत होते. शेजारच्या बाई दुपारी डोकावून गेल्या, त्यांनी पाणी दिलं. संध्याकाळी उन्हं उतरल्यावर हे परत आले. चपला काढल्या, पाय धुतले, माझ्यासमोर बसले. मी काही विचारायच्या आधी स्वतःच बोलायला लागले. एवढं सलग बोलताना मी त्यांना क्वचितच ऐकलं असेल. हॉल फार लहान नव्हता. माणसं मोजकीच. लासलगावचे भाऊ दारात भेटले तेव्हा ह्यांच्या पाया पडले. हे मागच्या खुर्चीवर बसणार होते, पण जावयांनी मांडवातून बघितलं आणि भावाला पाठवून त्यांना पुढे बसवलं. ती मुलगी उंचीने त्यांच्या खांद्याला लागते. चष्मा काढून उभी होती, म्हणून पायरीवर थोडी अडखळली, तेव्हा जावयांनी तिचा हात धरला. ओटी ह्यांनी तिच्या आईच्या हातात दिली. आई म्हणाली की तुमच्या घरून काय आलं हे आम्ही विसरणार नाही. 

मी विचारलं, "आणि तो?" 

कारखान्यात जन्मभर त्यांनी सुटे भाग तपासले. काही बघितलं की त्यातलं नेमकं काय बरोबर आहे आणि काय नाही, एवढंच ते सांगतात. 

"हार घालताना कुर्ता बगलेत ओढत नव्हता," ते म्हणाले. "खांदा बरोबर बसलाय. घामाचा डाग नाही कुठे. चांगला दिसत होता आपला..." आणि पुढचा शब्द त्यांना सापडला नाही. जावई म्हणावं की मुलगा, की आणखी काही. ते उठले, न्हाणीघरात गेले, आणि आत नळ सोडला. पाण्याच्या आवाजातूनही मला ऐकू येत होतं. मुलगी गेली तेव्हा हे रडले नव्हते. सगळं त्यांनीच केलं होतं, लाकडांपासून राखेपर्यंत, आणि डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं. 

मी दाराबाहेर जाऊन उभी राहिले. दार वाजवलं नाही. 

आता जावई महिन्यातून एखादा फोन करतात. रविवारचं येणं जमत नाही. नवा संसार आहे, सिन्नरला जावं लागतं, शाळेच्या सुट्ट्या बघाव्या लागतात. मीच त्यांना म्हटलं आहे की ओढाताण करून घेऊ नका. ती मुलगी एकदा फोनवर बोलली. आवाज हळू आहे. मला काय म्हणावं हे तिला सुचत नव्हतं, मग ती 'आई' म्हणाली आणि लगेच, 'म्हणू ना?' असं विचारलं. मी म्हणा म्हटलं. 

रविवारी सकाळी हे अजूनही जावयांच्या चहाचं दोन कप जास्तीचं दूध घेऊन येतात. मी त्याचं दही लावते.